बैस देवा : एका चौथ्या चरणाची हकीकत

यंदाच्या आषाढीला आपल्या मंडळाने जो अभंग म्हटला तो पुष्कळ भगिनींना आवडला आणि त्याचा कागद मागावयास काहीजणी घरी आल्या. तेव्हा स्मरणिकेसाठी तोच विषय घेऊन लिही, असे चिटणीस काकूंनी मला सांगितले. मी काही कवयित्री नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पण हा अभंग जुळवताना आम्ही जी फजिती करून घेतली तिच्यामुळे अभंग ही वस्तू कशी घडली आहे हे मला थोडेसे कळले. तेवढेच इथे सांगते.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 1129 मध्ये ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ पुरा केला. राजाने लिहिलेला ग्रंथ, त्यात हत्ती-घोड्यांपासून स्वयंपाकापर्यंत सारे आहे. आणि गाण्याच्या भागात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती 1290 मध्ये. म्हणजे त्याच्याही दीडशे वर्षे आधी आपल्या बायका मुसळाच्या घावावर गात होत्या. मला हे प्रथम वाचले तेव्हा फार नवल वाटले. उखळाशी दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकतात, तिथे कुणी मात्रा मोजीत नाही. घाव चुकला तर मुसळावर मुसळ आपटते, एवढीच ती मोजणी.

ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथाचे रूप दिले. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाशिवाय. पण त्यांच्या ओवीत अक्षरे ठराविक नाहीत. ती वाचावयाची, सांगावयाची ओवी. पुढे नामदेव, जनाबाई यांच्या तोंडी अभंग आला तो टाळाबरोबर उभ्याने म्हणावयाचा, म्हणून त्याची अक्षरे मापात बसली. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. म्हणून त्याला साडेतीन चरणी म्हणतात. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात. संतांच्या गाथांत एखादे अक्षर कमी-जास्त पुष्कळ ठिकाणी सापडते, पण ते उभा जन्म टाळ हातात घेऊन काढलेले लोक होते. आमच्यासारख्यांनी मापातच राहावे.

आम्ही मोठा अभंग निवडला. कारण असे की धाकट्या अभंगात आठ अक्षरे आठ मात्रांत सलग भरतात, श्वास घ्यावयास जागा राहत नाही. मोठ्या अभंगात सहा अक्षरे आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, म्हणजे प्रत्येक चरणाअखेर दोन मात्रा मोकळ्या. साठीच्या पुढच्या बायकांना त्या दोन मात्रा म्हणजे जिन्यातला कठडाच.

कल्पना अशी धरली की पांडुरंग युगानुयुगे विटेवर उभा आहे, त्याला कुणी बस म्हणत नाही; आपण बायकांनी म्हणावे. पहिले कडवे असे झाले :

उजाडले आता । भरलेल्या घागरी ।
ठेविल्या ओसरी । बैस देवा ॥

म्हणून पाहिले तर दुसऱ्या चरणापाशी निम्म्याजणी पुढे, निम्म्या मागे. कारण कळेना. मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी बोटांवर मोजून दाखवले : भ-र-ले-ल्या-घा-ग-री, सात अक्षरे. ते जास्तीचे अक्षर मोकळ्या मात्रेत घुसले होते आणि श्वास घेण्यास एकच मात्रा उरली होती. जिला श्वास पुरला ती वेळेवर आली, जिला पुरला नाही ती मागे राहिली. ‘भरलेल्या’चे ‘भरल्या’ केले आणि गाडी रुळावर आली. मोजताना जोडाक्षर एकच धरावयाचे हेही तेव्हाच शिकले. मी आधी ‘ल्या’ची दोन अक्षरे धरीत होते. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेबही येथे नाही. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’ ग्रंथात असे सांगितले आहे की अशा छंदात लघु अक्षरही लांबवून गुरूसारखेच म्हणावयाचे, असे बाईंनी सांगितले. ‘भ’ लहान, ‘घा’ मोठा, पण दोघांनाही एक-एक मात्रा.

आता चौथ्या चरणाकडे येते. त्याला यमकाचे बंधन नाही, म्हणून तो प्रत्येक कडव्यात तोच ठेवता येतो. वारकरी भजनात धृपद वेगळे असते. छापील गाथेत पुष्कळदा दुसऱ्या कडव्यानंतर ‘ध्रु’ असे लिहिलेले दिसते, आणि ते सगळे कडवे टाळकरी उचलून धरतात. पण त्यासाठी ते पाठ पाहिजे. आमच्याकडे नव्या सुना, शेजारणी, नातवंडे, सारेच ऐनवेळी येऊन बसणार. त्यांना चार अक्षरे पुरेत. पुढे म्हणणारीने तीन चरण म्हणावेत आणि ‘बैस देवा’ सगळ्यांनी दोनदा. चार अक्षरे आठ मात्रांत म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन मात्रा. ऐकावयास सोपे आहे. इथेच आमची खरी फजिती झाली.

झाले असे. मी घरी बसून सगळा अभंग सुवाच्य अक्षरात लिहिला, प्रती काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. नंतर दोन बैठकींना त्या आल्याच नाहीत. मला वाटले पाय दुखत असतील.

इकडे ‘बैस देवा’ काही केल्या एकत्र येईना. हात टाळीवर बरोबर पडत, पण शब्द फाटत. आम्ही पेटीवाल्या वहिनींना दोष दिला, मग सूर खाली घेतला, काळी चारवरून काळी तीनवर आलो. काही फरक नाही. शेवटचा ‘वा’ काहीजणींचा दोन मात्रा आधीच येई आणि मग त्या थांबून राहत. एकीने सुचवले की ‘बैसा देवा’ करा. त्यावर वाद झाला. पांडुरंगाला अहो-जाहो कोण करते? आपण त्याला ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो तसे. तो बदल कुणालाच रुचला नाही.

मग मी आजींना आणावयास गेले. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं ते कागदावरचं गाणं. मी काय करू तिथं?” मी म्हटले, कागद नको, नुसते म्हणून दाखवते. दारातच मी पहिले कडवे म्हटले. त्यांनी मांडीवर थाप धरली आणि शेवटी माझ्याबरोबर ‘बैस देवा’ म्हटले. तेव्हा चूक माझ्या कानी पडली. मी म्हणत होते ‘बैस्‌ देवा’, जसे आपण बोलताना म्हणतो. तीनच ध्वनी. आजी म्हणत होत्या बै-ऽ, स-ऽ, दे-ऽ, वा-ऽ. ‘स’ पुरा, अकारासकट, त्याच्या स्वतःच्या दोन मात्रांवर. मी त्यांना तसे सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग? जात्यावर स खाल्ला तर खुंटा पुढं जातो.”

बोलताना आपण शब्दातली, शब्दाअखेरची अकारान्त अक्षरे गिळतो. अभंगात अक्षर मोजलेले असते, म्हणून ते उच्चारावेही लागते. लिहिताना मी चार मोजली होती, म्हणताना तीनच म्हणत होते. ज्या भगिनी कागदाकडे पाहत होत्या त्या सगळ्या माझ्यासारख्याच. ज्या दोघी-तिघी कागदाशिवाय म्हणत होत्या त्यांचेच बरोबर येत होते आणि आम्ही त्यांनाच मागे पडता म्हणून हटकत होतो! याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. मी सगळे कागद गोळा करून पिशवीत टाकले. आजींना मधोमध बसवले. त्यांच्या ‘स’वर टाळ द्यावयाचा असे ठरले आणि तिसऱ्या खेपेला चाळीस कंठांचा ‘वा’ एका वेळी पडला.

लयीचे एक राहिले. मोठा घोळका म्हटला की लय चढते. वारकरी भजनात ती मुद्दाम चढवतात, पण तेथे मृदंग इशारा देतो. आमची आपोआप पळत होती. हे कळावे कसे? मी सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन बसले. कडव्याच्या मात्रा बत्तीस, आणि ‘बैस देवा’ दुसऱ्यांदा म्हटले की चाळीस. सेकंदाला एक मात्रा धरली तर चाळीस सेकंद व्हावयास हवेत. पहिले कडवे चाळीसात झाले, चौथे एकतीसात. अक्षरे कुणी घाई करून म्हणत नव्हते. खाल्ल्या जात होत्या त्या चरणाअखेरच्या मोकळ्या दोन मात्रा. तिथे कुणाला काही काम नसते, म्हणून सगळ्या पुढच्या चरणावर उड्या टाकतात. मग टाळकरणींना सांगितले की अक्षरांवर हळू वाजवा आणि सातव्या-आठव्या मात्रेवर ठसक्यात वाजवा. त्यानंतर चौथे कडवे एकोणचाळीसात आले. त्याहून अचूक आम्हाला जमले नाही.

रेकॉर्डवरून शिकलेल्या काही मुलींना हे फार सपक वाटते. भीमसेनजींच्या संतवाणीत एकेक शब्द किती फुलवला आहे, असे त्या म्हणतात. खरे आहे, पण तो एका गळ्याचा मान. चाळीसजणींनी चाळीस प्रकारे फुलवला तर बाजार होईल.

शेवटच्या कडव्यात संत आपले नाव घालतात. आमच्या अभंगाला एक कर्ती नाही, तेव्हा नाव कुणाचे घालावे यावरही थोडी कुजबुज झाली. अखेर कुणाचेच घातले नाही. सगळा अभंग आता असा आहे :

उजाडले आता । भरल्या घागरी ।
ठेविल्या ओसरी । बैस देवा ॥
थकले पाऊल । उभ्याने राहून ।
उंबरा पाहून । बैस देवा ॥
तव्यावर माझ्या । भाकरी फुगली ।
भूकही लागली । बैस देवा ॥
साऱ्या जणी म्हणू । आता नको जाऊ ।
चार घास खाऊ । बैस देवा ॥

‘पाऊल’मधला ‘ल’ आणि ‘चार घास’मधले ‘र’ व ‘स’ पुरे म्हणावेत. तिसऱ्या कडव्यातला ‘माझ्या’ आजींना पसंत नाही. तिथे ‘आमच्या’ हवे असे त्या म्हणतात. पण मग अक्षरे सात होतात. दुसरा शब्द कुणाला सुचला तर गुरुवारच्या बैठकीत सांगावा.