अंकांच्या बेरजेवरून ९ ची कसोटी का लागते?

४७५२ ला ९ ने भाग जातो का? अंकांची बेरीज करा: ४ + ७ + ५ + २ = १८. १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ४७५२ लाही जातो (९ × ५२८). शाळेत हे पाठ केलं, पण कारण?

४००० म्हणजे ४ × (९९९ + १), ७०० म्हणजे ७ × (९९ + १), ५० म्हणजे ५ × (९ + १). ९९९, ९९ आणि ९ च्या पटी बाजूला काढल्या, की उरतं फक्त ४ + ७ + ५ + २. बाजूला काढलेल्या भागाला ९ ने पूर्ण भाग जातोच. म्हणून संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच अंकांच्या बेरजेलाही उरते. एकीची शून्य, तर दुसरीचीही शून्य. एकीची नाही, तर दुसरीचीही नाही. संख्या कितीही मोठी असो, १०, १००, १००० यांतून १ वजा केला की सगळे ९ च उरतात.