रिपल काउंटर : साठणारा विलंब आणि क्लॉकची मर्यादा
असिंक्रोनस रिपल काउंटरमध्ये क्लॉक फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपला मिळतो; पुढचा प्रत्येक फ्लिप-फ्लॉप मागच्याचे आउटपुट १ वरून ० वर येताच पलटतो. त्यामुळे विलंब साठत जातो. चार बिटांच्या काउंटरमध्ये प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचा विलंब २० नॅनोसेकंद असेल, तर ७ वरून ८ वर जाताना काउंटर ०१११, ०११०, ०१००, ०००० असा घसरत ८० नॅनोसेकंदांनी १००० वर स्थिरावतो. मधले ६, ४ आणि ० हे आकडे खोटेच. ० ओळखणाऱ्या गेटवर तेवढ्यात चुकीचा स्पंद उमटतो आणि ऑसिलोस्कोपवर बारीक काट्यासारखा दिसतो. स्थिर आकडा वाचायला आणखी २० नॅनोसेकंद राखले, तर आवर्तकाल १०० नॅनोसेकंद, म्हणजे कमाल वारंवारता १० मेगाहर्ट्झ. आकडा न वाचता केवळ वारंवारता भागायची असेल, तर ही अट उरत नाही. तिथे पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा वेगच मर्यादा ठरवतो.