‘पोलिसांपुढे कबूल केलं’ म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

वस्तीतला एखादा मुलगा चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेला, की दुसऱ्या दिवशी पालीच्या चौकात चर्चा सुरू होते : “त्यानं कबूल केलंय म्हणे. आता वकील देऊन काय उपयोग?” घरचे लोकही इथेच खचतात. आम्ही अशा कुटुंबांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

हा नियम आजचा नाही. मद्रास प्रांतात पोलीस आणि महसुली नोकर लोकांचा छळ करतात, हे १८५५ च्या चौकशी आयोगाने नोंदवले. पुढे १८६१ च्या फौजदारी कायद्यात आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ही मनाई आली. मार खाल्लेला माणूस खरे सांगतो असे नाही, मार थांबेल ते सांगतो. आणि कबुलीच पुरावा ठरली, तर तपास करण्याऐवजी मारणे सोपे पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हा नियम कायम आहे. पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेली कबुलीही, दंडाधिकारी समोर हजर नसेल तर, चालत नाही.

पण याच कलमात एक वाट मोकळी आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुरावा होतो. ‘तेवढाच’ म्हणजे किती, हे मुंबईच्या एका खटल्यावरून नीट कळते.

मुंबई बंदरातून रसायनाचे तीन पिंप चोरीला गेले होते. आरोपी पोलिसांना म्हणाला, की हाजी बंदरवरून १ ऑगस्टला मी काढलेले रसायनाचे तीन पिंप कुठे ठेवलेत ती जागा दाखवतो. पिंप सापडले आणि त्याला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये, मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, त्या वाक्याचे दोन तुकडे केले. ‘पिंप ठेवल्याची जागा दाखवतो’ एवढाच भाग पुरावा धरला, कारण पिंप त्यामुळेच मिळाले. ‘मी काढलेले’ हा भाग निव्वळ कबुली होती. चोरी आधीच होऊन गेली होती, ती काही त्या वाक्यामुळे सापडली नव्हती. म्हणून तो भाग वगळला.

मग उरले काय? आरोपीला जागा माहीत होती, एवढेच. पिंप तर मुसाफिरखान्याच्या आवारात, कुणीही येऊ-जाऊ शकेल अशा उघड्या जागी होते. दुसऱ्या कुणी ते ठेवताना त्याने पाहिले असणेही शक्य होते. जागा माहीत असणे म्हणजे चोरी करणे नव्हे, असे म्हणत न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. वस्तू कुलूपबंद खोलीत किंवा जमिनीत पुरलेली सापडली असती, तर मात्र त्याच माहितीचे वजन बरेच वाढले असते.

आपल्या कार्यकर्त्यांचा संबंध नेमका इथे येतो. ही माहिती पंचांसमोर लिहून घेतात, त्याला निवेदन पंचनामा म्हणतात. गावात पंच म्हणून अनेकदा आपल्यातल्याच कुणाला बोलावले जाते. आरोपी काय बोलला ते स्वतः ऐकले असेल, जागेपर्यंत सोबत गेला असाल आणि वस्तू निघताना पाहिली असेल, तरच सही करा. आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर ठाण्यात बसून केलेली सही पुढे उलटतपासणीत उघडी पडते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता कायद्याने सक्तीचे आहे, ते झाले का हेही पाहा.

कबुली कायदेशीरपणे द्यायची, तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. ‘बोलणे तुझ्यावर बंधनकारक नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल’ हे त्यांनी आधी सांगावे लागते. आरोपी नको म्हणाला, तर त्या कारणाने त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

महाराष्ट्रात एक मोठा अपवाद आहे. १९९९ च्या मकोका कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य ठरतो. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात असे जबाब वापरले गेले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ते अविश्वसनीय ठरवले. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत मजकूर जसाच्या तसा होता, आणि छळाच्या तक्रारीही न्यायालयाने ग्राह्य धरल्या. सर्व आरोपी निर्दोष ठरले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे.

म्हणून ‘कबूल केलं’ ऐकल्यावर तीन प्रश्न विचारा : कुणापुढे केलं? त्यावरून काय सापडलं? आणि ते उघड्यावर होतं की लपवलेलं? मुलाच्या अंगावर माराच्या खुणा असतील, तर दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे केल्यावरच त्याने त्या दाखवाव्यात आणि वैद्यकीय तपासणी मागावी. नंतर खुणा उरत नाहीत.