दुकानाचे नाव शोधात वर कसे येते?

‘तुमचे दुकान गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो, वर्षाचे पैसे आगाऊ भरा,’ असा फोन अनेक लहान दुकानदारांना येऊन गेलेला असतो. या वाक्यात एक मूलभूत गफलत आहे. पहिला क्रमांक कोणत्या शब्दांच्या शोधात, आणि शोधणारा कुठे उभा असताना, हे त्यात सांगितलेले नसते. शोधयंत्रात दुकानाला कायमचा असा क्रमांक नसतोच. ग्राहक काही शब्द लिहितो, तेव्हा त्या शब्दांपुरती क्रमवारी लागते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे.

ही क्रमवारी कशी लागते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. म्हापशाच्या बाजारात शिवणयंत्रांचे सुटे भाग विकणारे आणि दुरुस्ती करून देणारे एक दुकान आहे. त्याचे संकेतस्थळही आहे. उघडताच ‘सुस्वागतम्’, त्याखाली ‘ग्राहकांचा विश्वास हेच आमचे भांडवल’ आणि त्याखाली दुकानाच्या फलकाचे मोठे छायाचित्र. दरपत्रकही छायाचित्राच्याच रूपात. शिवोलीतील एका शिंप्याच्या यंत्राची बॉबिन केस तुटते. तो फोनवर लिहितो: silai machine bobbin case mapusa. आपले दुकान त्याला दिसत नाही. का?

शिंप्याने शोध घेतला त्या क्षणी शोधयंत्र जगभरची संकेतस्थळे धुंडाळत बसत नाही. ते काम आधीच झालेले असते. त्याचे स्वयंचलित वाचक दुव्यांमागून दुवे घेत पाने वाचतात आणि त्यांची सूची तयार करतात. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक असतात, तशीच ही रचना असते. शिंप्याचे शब्द या सूचीत पाहिले जातात. आपल्या दुकानाच्या पानावर ‘विश्वास’ आहे, ‘भांडवल’ आहे. बॉबिन केस मात्र फक्त छायाचित्रात आहे. छायाचित्रातील अक्षरे शोधयंत्र भरवशाने वाचून सूचीत घेईल, असे गृहीत धरता येत नाही.

सूचीत अनेक पाने सापडली, तर पुढचा प्रश्न येतो तो कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचे, हा. १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने मांडलेला विचार येथे आजही उपयोगी पडतो: जो शब्द थोड्याच पानांवर आढळतो, तो पाने वेगळी काढण्यास अधिक कामाचा. समजा, सूचीत दुकानांची १०० पाने आहेत. ‘गोवा’ हा शब्द ९० पानांवर आहे, ‘शिलाई मशीन’ २० पानांवर आणि ‘बॉबिन केस’ केवळ २ पानांवर. ‘गोवा’ या शब्दाने जवळजवळ कोणीच गळत नाही. ‘बॉबिन केस’ने ९८ पाने बाजूला होतात. म्हणून ‘गोव्यातील सर्वोत्तम दुकान’ असे लिहून फारसे काही साधत नाही. दुकानात कोणत्या कंपन्यांच्या यंत्रांचे कोणते भाग मिळतात, टाके सुटत असतील तर दुरुस्ती होते का, मोटर बसवून मिळते का, हे लिहिल्याने साधते. तोच शब्द वीस वेळा लिहिणे मात्र व्यर्थ आहे. पुनरुक्तीचा लाभ झपाट्याने घटतो, आणि शब्दांची अशी कोंबाकोंबी गूगलच्या नियमांत गैरप्रकार मानली जाते.

शब्द कोणते, याचाही विचार हवा. या लेखात ‘शिवणयंत्र’ शोभते, पण दुकानात येणारा ‘शिलाई मशीन’ म्हणतो आणि फोनवर बहुधा रोमन अक्षरांत लिहितो. गावाचे नाव मराठीत म्हापसा, रोमनमध्ये Mapusa. शोधयंत्रे समानार्थी शब्द आणि भिन्न लेखन बऱ्याच अंशी जुळवून घेतात. तरीही क्वचित शोधल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत त्या जुळणीवर विसंबू नये. पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात दोन्ही रूपे एकेकदा, वाक्यात सहज बसतील अशी, यावीत.

शब्द सारखेच असलेली पाने एकमेकांसमोर आली की पानाची पत पाहिली जाते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडलेल्या पद्धतीत, एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही शिफारस मानली गेली, आणि शिफारस करणाऱ्याची पत मोठी तर तिचे मोलही मोठे. आज असंख्य निकषांपैकी हा एक आहे. आपल्या दुकानदाराने दुवे विकत घेऊ नयेत. तेही नियमबाह्य आहे. ज्या कंपनीचे भाग तो विकतो, तिच्या विक्रेत्यांच्या यादीत त्याचे नाव आणि दुवा आहे का, एवढे विचारून घ्यावे.

शिंप्याला मात्र या पानांच्या यादीआधी बहुधा नकाशा आणि त्यासोबत दोन-तीन दुकानांची नावे दिसतील. तेथील क्रमवारी निराळी आहे. त्यासाठी गूगल तीन गोष्टी सांगते: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. जुळणीसाठी गूगलवरील दुकानाच्या नोंदीत व्यवसायाचा मुख्य प्रकार अचूक निवडावा लागतो. ‘दुकान’ असा मोघम प्रकार निवडला, तर दुरुस्तीच्या शोधात ते मागे पडते. अंतराबाबत काहीच करता येत नाही: पणजीतून शोधणाऱ्याला तेथले दुकान आधी दिसले, तर त्यात आपली चूक नाही. ख्याती ठरते ती अन्यत्र झालेले उल्लेख आणि ग्राहकांचे अभिप्राय यांवरून. अभिप्राय जरूर मागावा. सवलत देऊन घेऊ नये, त्याला मनाई आहे. काही जण नोंदीतील नावातच ‘शिलाई मशीन दुरुस्ती म्हापसा स्वस्त’ असे जोडतात. फलकावर असते तेच नाव नोंदीत असावे, असा नियम आहे. तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते आणि वर्षांचे अभिप्राय तिच्यासह दिसेनासे होतात.

आता पडताळणीविषयी. दुकानात बसून आपलेच दुकान शोधणे ही सर्वांत फसवी परीक्षा, कारण तेव्हा अंतर शून्य असते. प्रथम पान सूचीत आहे की नाही हे पाहावे. पुढील ओळीत आपला पत्ता घालून शोधावे:

```
site:example.com
```

काहीच आले नाही, तर शब्दांचा प्रश्न नंतरचा. बहुधा पान सूचीतच नाही. वर्डप्रेसवर बनवलेल्या संकेतस्थळात Discourage search engines from indexing this site ही खूण बांधणीच्या काळात लावलेली असते आणि काढायची राहून जाते. ती काढल्यावरही नोंद होण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

पान सूचीत असेल, तर गूगलचे Search Console हे विनामूल्य साधन उघडावे. कोणत्या शब्दांच्या शोधात पान किती वेळा दिसले आणि कितींनी ते उघडले, हे त्यात कळते. ‘बॉबिन केस’साठी पान दिसलेच नसेल, तर तो शब्द मजकुरात आहे का ते तपासावे. दिसले, पण तिसऱ्या-चौथ्या पानावर, तर पत कमी पडते आहे. वर दिसूनही कोणी उघडले नसेल, तर शीर्षक वाचून पाहावे. तेथे अजून ‘सुस्वागतम्’ असण्याची शक्यता मोठी.