सामाजिक शास्त्रात ९१ गुण, तरी ए१ श्रेणी का नाही? गुणांची श्रेणी आणि नॉर्मलायझेशन कसं होतं?

सीबीएसईचा दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिकांचे फोटो फिरू लागतात. सोबत एक ठरलेला प्रश्नही येतो. सामाजिक शास्त्रात ९१ गुण आहेत, मग श्रेणी ए२ कशी? आणि दुसऱ्या विषयात ८५ गुण असून ए१ कशी मिळाली? अनेकांना ही छपाईची चूक वाटते, पण बहुतेक वेळा ती चूक नसते.

गोंधळ कुठून सुरू होतो?

२०१० ते २०१७ या काळात सीबीएसईच्या दहावीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे 'सीसीई' पद्धत होती. त्यात श्रेणी थेट गुणांवरून ठरायची. ९१ ते १०० म्हणजे ए१, ८१ ते ९० म्हणजे ए२, असा ठरलेला तक्ता होता. तोच तक्ता आजही इंटरनेटवर फिरतो.

२०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. तिच्या गुणपत्रिकेवरची श्रेणी या तक्त्यातून येत नाही. ती त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या रांगेत तुमची जागा कुठे आहे, यावरून ठरते.

आठ भागांची रांग

विषयात उत्तीर्ण झालेल्यांना गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायचं आणि त्या रांगेचे आठ समान भाग करायचे. पहिल्या भागाला ए१, दुसऱ्याला ए२ आणि पुढे क्रमाने बी१, बी२, सी१, सी२, डी१, डी२. अनुत्तीर्ण विद्यार्थी या रांगेत धरले जात नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सामाजिक शास्त्रात ८०० जण उत्तीर्ण झाले, म्हणजे प्रत्येक भागात १०० जण हवेत. ९३ किंवा त्याहून जास्त गुण ८८ जणांना आहेत. ९२ गुण २० जणांना आहेत. म्हणजे ९२ गुणवाल्यांचे क्रमांक ८९ ते १०८ येतात आणि शंभराची रेघ त्यांच्या मधोमध पडते. त्यातले १२ जण रेघेच्या अलीकडे, ८ जण पलीकडे.

सारखे गुण असलेल्यांना वेगळी श्रेणी देता येत नाही. अशा वेळी लहान गट मोठ्या गटाबरोबर जातो, असा नियम आहे. इथे ८ जण १२ जणांबरोबर गेले आणि ९२ गुणवाल्या सगळ्यांना ए१ मिळाली. पहिल्या भागात आता १०० ऐवजी १०८ जण झाले. ९१ गुणवाल्यांपासून ए२ सुरू झाली.

दुसऱ्या एखाद्या विषयाची प्रश्नपत्रिका कठीण गेली आणि तिथली पहिली आठवी पाती ८५ गुणांवर संपली, तर तिथे ८५ ला ए१ मिळेल. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. रेघ मात्र वेगळ्या गुणांवर पडली.

म्हणून ९१ ला ए२ आली एवढ्याच कारणासाठी पडताळणीचा अर्ज करून उपयोग नाही. गुण बदलले तरच श्रेणी बदलू शकते. उत्तरपत्रिकेतली बेरीज चुकली आहे किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे, अशी शंका असेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे.

पेपरच वेगवेगळे असतील तर?

रांग लावताना सगळ्यांनी साधारण सारखाच पेपर सोडवला आहे, असं धरलेलं असतं. पदवी प्रवेशाच्या सीयूईटी परीक्षेत तसं नसतं. एकाच विषयाची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या पाळ्यांत होऊ शकते. प्रत्येक पाळीचा पेपर निराळा. इतिहासाचा एक पेपर सोपा आणि दुसरा अवघड निघाला, तर कच्चे गुण थेट ताडून पाहणं अन्यायाचं ठरतं.

यावर २०२२ मध्ये सीयूईटीसाठी समपर्सेंटाइल पद्धत वापरली गेली. आधी प्रत्येक पाळीत प्रत्येकाचं पर्सेंटाइल काढतात. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे त्या पाळीत शेकडा किती, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल.

इतिहासाचा २५० गुणांचा पेपर दोन पाळ्यांत झाला असं समजा. सोप्या पहिल्या पाळीला १०,००० जण बसले. २०० किंवा त्याहून कमी गुण ९,००० जणांना आहेत, म्हणून २०० गुणांचं पर्सेंटाइल ९०. अवघड दुसऱ्या पाळीला ८,००० जण होते. तिथे १८० किंवा त्याहून कमी गुण ७,२०० जणांना, म्हणजे १८० गुणांचं पर्सेंटाइलही ९०. आता या दोन गुणांची सरासरी काढायची: १९०. दोन्ही पाळ्यांतल्या ९० पर्सेंटाइलवाल्यांना १९० हेच गुण मिळतात. पहिल्या पाळीतल्या विद्यार्थ्याला 'माझे १० गुण कापले' असं वाटतं, ते इथून.

दुसऱ्या पाळीत नेमकं ९० पर्सेंटाइल कुणाचंच नसेल तर? समजा तिथे १७८ गुणांवर ८९ आणि १८२ गुणांवर ९१ आहे. मग त्या प्रमाणात मधला आकडा, म्हणजे १८०, धरतात.

सरसकट २० गुण वाढवले तर?

ते सोपं वाटतं, पण दोन पेपरांतलं अंतर सगळ्या पातळ्यांवर सारखं नसतं. वरच्या उदाहरणात ९० पर्सेंटाइलवर अंतर २० गुणांचं आहे. रांगेच्या मध्यावर, म्हणजे ५० पर्सेंटाइलवर, पहिल्या पाळीत १४० आणि दुसऱ्या पाळीत १०० गुण असतील तर तिथलं अंतर ४० होतं. तयारी पक्की असलेला विद्यार्थी अवघड पेपरही बराच सोडवतो, मधल्या विद्यार्थ्याला तो जास्त जड जातो. दुसऱ्या पाळीला सरसकट २० गुण दिले असते तर मधल्यांवर अन्याय झाला असता. समपर्सेंटाइल पद्धतीत त्यांचे गुण १२० होतात.

ही पद्धत कुठे फसते?

ही सगळी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: दोन्ही पाळ्यांतल्या विद्यार्थ्यांची एकूण तयारी साधारण सारखी आहे. पाळ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली आणि संख्या मोठी असली, तर हे बहुधा खरं ठरतं. पण एका पाळीत तयारीचे विद्यार्थी जास्त आले, तर त्यांचे चांगले गुण पाहून हिशेब 'पेपर सोपा होता' असं समजतो आणि त्यांचे गुण खाली ओढतो. लहान पाळीत तर मोजक्या विद्यार्थ्यांमुळेही पर्सेंटाइल बरंच हलतं.

हे ओळखायचं कसं? दोन्ही पाळ्यांतल्या विद्यार्थ्यांनी दुसरा एखादा समान पेपर दिला असेल, तर त्यातले त्यांचे गुण ताडून पाहायचे. तिथेही एक गट स्पष्ट पुढे असेल, तर फरक पेपरचा नसून विद्यार्थ्यांचा असू शकतो. दोन्ही पेपरांत काही प्रश्न सारखे ठेवले असतील तर हीच तपासणी आणखी नेमकी होते.

निकाल वाचताना एवढं लक्षात ठेवा: दहावीची ए१ किंवा सीयूईटीचे १९० गुण तुम्ही कुणाच्या रांगेत कुठे होता, हे सांगतात. एका वर्षाच्या ए१ ची दुसऱ्या वर्षाच्या ए१ शी, किंवा इतिहासाच्या पर्सेंटाइलची भूगोलाच्या पर्सेंटाइलशी तुलना करता येत नाही, कारण त्या रांगा वेगळ्या माणसांच्या आहेत.