डाली प्रकाशनियंत्रण

कार्यालयातील प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पत्ता देऊन तो दोन तारांवरून हुकमात ठेवण्याची पद्धत. आयईसी ६२३८६ हे तिचे मानक. एका जोडतारेवर ० ते ६३ असे ६४ पत्ते, १६ गट आणि १६ दृश्ये मावतात. तारांची लांबी साधारण ३०० मीटरपर्यंत चालते.

समजा, मजल्यावर ४० दिवे आहेत. खिडकीलगतची रांग गट ०, आतली गट १, बैठकीची खोली गट २. एक दिवा अनेक गटांत असू शकतो. दृश्याची पातळी दिव्याच्या ड्रायव्हरमध्येच साठवलेली असते. म्हणून ‘दृश्य ३’ एवढाच हुकूम गेला, की पडद्याजवळचे दिवे विझतात आणि टेबलावरचे मंदावतात. ज्या दिव्याला त्या दृश्यात हात लावायचा नाही, त्यात २५५ हा आकडा ठेवतात. येथे नवखे हमखास फसतात: २५४ म्हणजे पूर्ण प्रकाश, पण १२७ म्हणजे निम्मा नव्हे, जेमतेम ३ टक्के. मोजमाप लॉगरिदमी असल्याने निम्म्यासाठी २२९ लागतो.

उपस्थिती संवेदक हालचाल टिपतो, माणूस नव्हे. प्रतीक्षाकाळ दोन मिनिटांचा ठेवला, तर शांत बसून वाचणाऱ्याला हात हलवून दिवा परत लावावा लागतो. पंधरा मिनिटे बरी.

मजल्यावरचे सारे दिवे अचानक पूर्ण तेजाने लागले, तर आधी जोडतारेचा वीजपुरवठा तपासावा: तो तुटला, की मूळ मांडणीत ड्रायव्हर १०० टक्क्यांवर जातात.