रेडिएशन एकदाच का देत नाहीत?

“डॉक्टर, पस्तीस दिवस खेपा घालण्यापेक्षा एकदाच जोरात द्या ना!” तुमच्याही मनात हे आलं असेल. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालं, तेही एडक्यांकडून! १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी एडक्यांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडले. तिथल्या पेशी कॅन्सरच्या गाठीसारख्याच सतत विभागत असतात. एकाच मोठ्या डोसने शुक्राणू थांबवायला गेलं, की वरची कातडी जळायची. किरण थोडे थोडे, दिवसांवर वाटून दिले, की शुक्राणू बंद व्हायचे आणि कातडी टिकायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली.

कारण पुढे कळलं. किरणांनी पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात. दोन डोसांमधल्या काही तासांत निरोगी पेशी बरीचशी मोडतोड सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीला हे तितकंसं जमत नाही. तुटक्या डीएनएनिशी विभागायला जाते आणि मरते. म्हणून घशाच्या कॅन्सरला बहुधा रोज २ ग्रे, असे ३५ डोस देतात. मध्ये खाडा पडला, तर उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात. तेव्हा तोंड सोलवटलं, तर घरी बसू नका, आम्हाला दाखवा.